मामांचा खड्डा: चिकणमाती पाणी पिते, पण पुढे का देत नाही?

चोपडा तालुक्यात, तापीच्या अंगाला मामांचं शेत आहे. काळी, भारी जमीन. केळी, कापूस आणि एका तुकड्यात दरवर्षी न चुकता दादर ज्वारी. तीन वर्षांपूर्वी त्यांचा बोअर उन्हाळ्यात दम टाकायला लागला, तेव्हा कुणीतरी सांगितलं, की बोअरशेजारी मोठा खड्डा घ्या, त्यात पावसाचं पाणी सोडा, ते जिरेल आणि बोअर रिचार्ज होईल. मामांनी जेसीबी लावून साधारण १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल खड्डा काढला. जुलैअखेर तो काठोकाठ भरला. तीन लाख लिटर पाणी!

दिवाळीला मी गेलो, तर पाणी तसंच उभं. वर शेवाळ, बेडकं आणि कडेला बगळा. बोअरची पातळी होती तिथेच. मामा काठावर उभे राहून म्हणाले, "पानी जिरतच नही ना भो. हाई माती पानी पेस, पन पुढे काही देत नही."

जमिनीतलं पाणी कसं चालतं यावर मी जे काही वाचलंय, त्याचं सार मामांच्या या एका वाक्यात होतं. पाणी पोटात धरणं ही एक गोष्ट आणि ते पुढे जाऊ देणं ही वेगळी गोष्ट. आपण या दोन्हींना सरसकट "पाणी धरणारी जमीन" म्हणतो आणि तिथेच फसतो.

मोसंबीची टोपली आणि मोहरीचा डबा

आधी धरण्याचं बघू. जमीन म्हणजे कण आणि कणांमधल्या फटी. पाणी राहतं ते फटींत. एकूण आकारमानापैकी फटींचा वाटा किती, याला म्हणायचं सच्छिद्रता.

इथे एक गंमत आहे. एका टोपलीत एकसारखी मोसंबी भरली आणि तेवढ्याच टोपलीत मोहरी भरली, तर रिकामी जागा कशात जास्त? बहुतेक जण मोसंबी म्हणतात, कारण फटी डोळ्यांना दिसतात. खरं तर दोन्हीकडे हिस्सा जवळपास सारखाच असतो. मोसंबीत फटी मोठ्या पण मोजक्या, मोहरीत फटी बारीक पण बेसुमार. म्हणजे कण बारीक झाले, की आतली जागा कमी होते हा समज चुकीचा आहे.

चिकणमाती तर याच्याही पुढे जाते, कारण तिचे कण गोल नसतातच. ते चपटे पापुद्रे असतात, दोन मायक्रॉनहून लहान. एका मिलीमीटरमध्ये असे पाचशे कण रांगेत बसतील. हे पापुद्रे आडवेतिडवे, पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांना टेकून बसतात आणि मधे भरपूर पोकळी राहते. म्हणून वाळूत फटींचा वाटा साधारण २५ ते ४० टक्के असतो, तर चिकणमातीत ४० ते ६० टक्के. एक घनमीटर ओल्या चिकणमातीच्या पोटात ५०० लिटर पाणी सहज असतं. तेवढ्याच वाळूत साडेतीनशे.

आता दोघींनाही नुसतं निथळायला ठेवा. वाळू त्यातलं दोनशे-सव्वादोनशे लिटर सोडून देते. चिकणमाती सोडते वीस-तीस लिटर. बाकी सगळं आतच. विहिरीला किंवा बोअरला मिळतं ते फक्त हे निथळणारं पाणी. पोटातल्या साठ्याचा त्याला काही उपयोग नाही.

ठिबकवाल्यांना हे आधीच माहीत आहे

मग जाऊ का देत नाही? याचं उत्तर जळगाव जिल्ह्यातल्या कुणाही केळीवाल्याच्या शेतात पसरलेलं असतं. १६ एमएमची लॅटरल उघडी सोडली, तर पाणी भळाभळा वाहतं. त्याच लॅटरलवरचा ड्रीपर तासाला चार लिटर देतो. मागचा दाब तोच, पाणी तेच. फरक एवढाच, की ड्रीपरच्या आतली वाट अरुंद आणि वळणावळणाची असते.

वाहणाऱ्या पाण्याला नळीची भिंत मागे ओढते. भिंतीला टेकलेलं पाणी जवळजवळ थांबलेलंच असतं, मधलं तेवढं सुटतं. नळी जितकी बारीक, तितकं "मधलं" पाणी कमी. बारीक नळीतल्या संथ प्रवाहाचा नियम असा, की व्यास निम्मा केला तर पाणी निम्मं नाही, सोळावा हिस्सा येतं. एका नळीच्या जागी निम्म्या व्यासाच्या चार नळ्या बसवल्या, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ आधीइतकंच ठेवलं, तरी एकूण पाणी पाव होतं. जागा तेवढीच, पण वहन पाव. आणि वाळूकडून चिकणमातीकडे येताना फट निम्मी नाही होत, शेकडो पटींनी लहान होते.

त्यात आपल्या काळ्या मातीची आणखी एक खोड. तिच्यातले चिकण कण स्मेक्टाइट जातीचे, फुगणारे. पाणी मिळालं, की त्यांच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि थर एकमेकांपासून दूर सरकतात. शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅममध्ये आतले-बाहेरचे सगळे पृष्ठभाग मोजले, तर सातशे-आठशे चौरस मीटर भरतात. चिमूटभर माती आणि सात-आठ गुंठे पृष्ठभाग! या प्रत्येक पृष्ठभागावर विद्युतभार असतो आणि तो पाण्याचा पातळ थर घट्ट धरून ठेवतो. फट आधीच अरुंद. त्यात दोन्ही भिंतींना पाणी चिकटलेलं. मग वाहायला मोकळी वाट उरते कुठे?

दोन बाटल्या

पटत नसेल, तर करून बघा. मी मामांच्या ओट्यावरच केलं होतं. दोन लिटरच्या दोन बाटल्यांचे तळ कापले, झाकणांना दाभणाने भोकं पाडली, आतून फडक्याचा तुकडा लावला आणि बाटल्या उलट्या बांधल्या. एकीत लिटरभर नदीची जाड वाळू, दुसरीत तेवढीच वाळवून फोडलेली काळी माती. दोन्हींत लिटर-लिटर पाणी ओतलं.

वाळूच्या बाटलीखाली काही सेकंदांत धार लागली आणि मामींचा चहा होईपर्यंत बहुतेक पाणी खालच्या पातेल्यात आलं होतं. काळ्या मातीतून मात्र आधी मातकट पाणी भराभर टपकलं. मामा लगेच म्हणाले, "हाई तं वाहस!" ढेकळांमधल्या पोकळ्यांतून आलेलं ते पाणी होतं. दोन-तीन मिनिटांत ढेकळं फुगली, एकमेकांत विरघळली आणि थेंब थांबले. सकाळी उठून पाहिलं तर माती बोटभर वर आलेली, तिच्यावर चार बोटं पाणी उभं आणि झाकण जवळजवळ कोरडं.

दार्सींचा हिशेब, मामांच्या खड्ड्याला लावून

१८५६ साली फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अहवाल लिहिताना आंरी दार्सी या अभियंत्याने वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यांतून पाणी सोडून किती येतं ते मोजलं होतं. आपल्या बाटल्यांचीच मोठी आवृत्ती म्हणा. त्यातून निघालेला नियम आजही भूजलाच्या प्रत्येक गणिताच्या मुळाशी आहे.

पाण्याचा प्रवाह = पारगम्यता × जलउतार × क्षेत्रफळ

जलउतार म्हणजे पाण्याला ढकलणारी उंची भागिले त्याला पार करायचं अंतर. पारगम्यता हा त्या मातीचा स्वतःचा स्वभाव. (काटेकोर बोलणारे याला जलवाहकता म्हणतात, आपल्याला इथे एक शब्द पुरे.) उतार एक असेल, तर स्वच्छ वाळूतून दिवसाला आठ-साडेआठ मीटर उंचीचं पाणी जाऊ शकतं. दाबून बसलेल्या चिकणमातीतून वर्षाला तीन सेंटीमीटर. ही दोन्ही माणसाळलेली उदाहरणं आहेत बरं, टोकाची नाहीत. तरी फरक लाख पटींचा आहे. निसर्गात एकाच गुणाचा इतका मोठा पल्ला फार कमी ठिकाणी दिसतो.

आता खड्डा. बोअर पाडताना काय काय निघालं, हे मामांना चांगलं आठवत होतं: वर काळी, मग पिवळी चिकट माती, आणि साधारण ४० फुटांवर, म्हणजे १२ मीटरवर, वाळू लागली. खड्डा ३ मीटर खोल. म्हणजे त्याचा तळ आणि वाळू यांच्यामध्ये ९ मीटर चिकणमाती उरली. ढकलणारी उंची धरा ३ मीटर पाणी अधिक ९ मीटर थर, एकूण १२. पार करायचं अंतर ९. उतार आला १.३३. तळाचं क्षेत्रफळ १०० चौरस मीटर.

गुणाकार केला, तर दिवसाला साधारण अकरा लिटर पाणी येतं.

मामांनी आकडा दोनदा विचारला. तीन लाख लिटरच्या खड्ड्यातून दिवसाला एक बादली. त्यांचा पंप तेवढं पाणी पाच-सहा सेकंदांत बाहेर फेकतो. समजा आमचा अंदाज चुकला, पिवळ्या मातीत रेताड अंश असला आणि ती दहापट जास्त पाणी जाऊ देत असली, तरी दहा बादल्या. त्याच वेळी वरून ऑक्टोबरचं ऊन दिवसाला पाच मिलीमीटर जरी उडवत असेल, तरी १०० चौरस मीटरवरून ५०० लिटर वाफ होते. खड्ड्यातलं पाणी जमिनीत जाण्यापेक्षा चाळीसपट वेगाने आभाळात जात होतं.

आज तळातून आत शिरलेला थेंब त्या ९ मीटर थरातून खालच्या वाळूत कधी पोचेल, तेही काढता येतं. या हिशेबाने शंभर वर्षांहून थोडी जास्त. दहापट ढिली माती धरली, तरी दहा वर्षं. तळ वाळूचा असता, तर हाच खड्डा सकाळी भरून संध्याकाळपर्यंत रिकामा झाला असता.

मग ही माती वाईट का?

अजिबात नाही, आणि इथे माझा थोडा पक्षपात आहे हे कबूल करतो. दादर बघा. पावसाळा सरताना पेरायची आणि त्यानंतर एकही पाणी न देता, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर माघ-फाल्गुनात कणसं भरायची. वाळूत हे होणं शक्य नाही. वाळूतलं पाणी मुळांच्या हाताला लागायच्या आत खाली निघून जातं. काळी माती ते धरून ठेवते आणि मुळं ते थोडं थोडं खेचून घेतात. खेचतात हा शब्द महत्त्वाचा. गुरुत्वाकर्षणाला जे पाणी सुटत नाही, ते मुळांना सुटतं, कारण मुळांची ओढ कितीतरी जास्त असते.

अर्थात त्यालाही मर्यादा आहे. सगळ्यात पातळ थरातलं पाणी मुळांनाही सुटत नाही. म्हणून भारी जमिनीत पीक मान टाकतं, तेव्हा हातातल्या मातीत अजून ओल जाणवते. "ओल हाय, तरी सुकस" असं म्हणत लोक रोग शोधत बसतात.

तीच गोष्ट धरणांची. मातीच्या धरणाच्या पोटात काळ्या, चिकण मातीचा गाभा दाबून भरतात, त्याला हार्टिंग म्हणतात. बाहेरून मुरमाचं आवरण, ते केसिंग. पाणी अडवायचं काम गाभ्याचं. उभं राहायचं आणि आत आलेलं पाणी निथळू द्यायचं काम मुरमाचं. म्हणजे जो गुण मामांच्या खड्ड्यात आडवा आला, त्याच गुणाच्या जिवावर धरण उभं असतं.

पाणी आत शिरतं तरी कुठून?

जर वर एवढा जाड बूच आहे, तर ४० फुटांखालच्या वाळूत पाणी आलं कुठून? मामांचा हा प्रश्न रास्त होता. "पानी तं येस, पन कोठून?"

उत्तर उत्तरेला आहे. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या डोंगर सोडतात तिथे त्यांनी हजारो वर्षं दगडगोटे, खडी, जाड वाळू आणून टाकली आहे. चोपडा, यावल, रावेरच्या वरच्या अंगाचा हा पट्टा म्हणजे बझाडा. पावसाळ्यात डोंगरात खळाळणारी नदी या पट्ट्यात आली, की बघता बघता गडप होते. ते पाणी गोट्यांतून खाली जातं आणि मग आडवं, तापीच्या दिशेने सरकतं. खाली येता येता गोट्यांची वाळू होते, वाळूचे थर चिकणमातीच्या थरांमध्ये दाबले जातात. मामांचा बोअर पितो ते अशाच एका दाबलेल्या थरातलं पाणी. म्हणजे त्यांच्या बोअरचं पाणी जमिनीत शिरायची जागा त्यांच्या शेतात नाहीच, ती कित्येक किलोमीटर वर आहे. तापी मेगा रिचार्ज योजनेची कल्पना बझाड्याभोवती फिरते, ती यासाठीच: पाणी जिथे शिरतं तिथेच घाला.

मग बझाडा आणि तापी यांच्या मधल्या शेतकऱ्याने काय करावं? बूच फोडून खाली जायचा एक मार्ग आहे. चिकणमातीतून थेट वाळूपर्यंत मोठ्या व्यासाचा शाफ्ट घ्यायचा आणि तो गोटे, खडी, वाळू अशा थरांनी भरायचा. हे चालतं, पण दोन ठिकाणी फसतं. एक म्हणजे गाळ. शेतातून वाहून येणाऱ्या मातकट पाण्यात चिकण कण असतातच. ते वरच्या वाळूवर बसतात आणि अर्ध्या सेंटीमीटरचा लेप बसला, की शाफ्टचीही मामांसारखीच गत होते. म्हणून आधी गाळ बसायची टाकी हवी आणि वरची वाळू दरवर्षी काढून धुवायला हवी. दुसरं जास्त गंभीर. वरचा चिकण थर आजवर खालच्या पाण्याला पहारा देत होता. शाफ्ट घेतला, की फवारणीचं, खताचं, गोठ्याचं पाणी त्याच वाटेने थेट खाली जाऊ शकतं. गावाला पिण्याचं पाणी त्याच थरातून येत असेल, तर शेतातलं पाणी शाफ्टात सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. छतावरचं स्वच्छ पाणी सोडा.

आणि खड्डा खणायच्या आधी निदान एवढं करा. जिथे पाणी जिरवायचंय तिथे, होणाऱ्या तळाच्या खोलीवर, फूटभर लांबी-रुंदी-खोलीचं खळगं घ्या. रात्री पाण्याने भरून ठेवा, म्हणजे माती फुगायची तेवढी फुगेल. सकाळी पुन्हा भरा, पट्टी उभी करा आणि दर तासाला पाणी किती उतरलं ते लिहा. तासाला काही सेंटीमीटर उतरत असेल, तर आशा आहे. दुपारपर्यंत पट्टी हललीच नाही, तर जेसीबीवाल्याला परत पाठवा. रात्रीचं भिजवणं टाळलंत तर मात्र परीक्षा खोटी ठरेल. कोरडी माती पहिल्या पाण्याला नेहमीच लबाडी करते, ओट्यावरच्या बाटलीने केली तशी.

मामांनी तो खड्डा बुजवला नाही. वेगळा खर्च न करता, प्लास्टिक न अंथरता त्यांना शेततळं मिळालं होतं, ते त्यांनी मोटर टाकून केळीला वापरलं. फेब्रुवारीत तळ दिसला. मे महिन्यात तळाला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडल्या. काठी घातली तर कंबरभर आत गेली. जूनच्या पहिल्या दणक्याच्या पावसानंतर मामांचा फोन: "भाचा, पानी जिरनं! सगळं जिरनं, रातभरमा!" दुसऱ्या दिवशीही फोन आला, आवाजात तोच उत्साह. भेगा मिटायला तेवढाच वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी मीच फोन केला, तर मामी म्हणाल्या, काठावर जाऊन बसले आहेत, बगळा परत आलाय.